सार्वमत झालं!

(दृश्य: डिसेंबर १९१८. स्ट्रासबर्ग शहरातली गर्दी, खिडक्याखिडक्यांतून तिरंगी झेंडे.)

चार वर्षांचं महायुद्ध नुकतंच संपलंय. फ्रान्सचे अध्यक्ष रेमाँ पोआंकारे स्ट्रासबर्गला आलेत. खालची गर्दी पाहून ते म्हणतात, "सार्वमत झालं!"

प्रत्यक्षात मतपेटी कुणीच ठेवली नव्हती. १८७१ मध्ये जर्मनीने अल्सेस-लॉरेन, म्हणजे स्ट्रासबर्ग ज्यात येतं तो सीमेवरचा फ्रेंच मुलूख, घेतलं तेव्हाही नाही, आणि आता फ्रान्सने ते परत घेतलं तेव्हाही नाही.

(दृश्य: १८७१ चा नकाशा. ऱ्हाइन नदी, तिच्या पश्चिमेला अल्सेस.)

१८७० च्या युद्धात फ्रान्स जर्मनांकडून हरत होता, तेव्हा अल्सेस कुणाचं यावरून दोन इतिहासकारांची जुंपली होती. जर्मन बाजूने थिओडोर मॉमसेन. इथली माणसं जर्मन बोली बोलतात, वंशाने जर्मन आहेत, मग ती आमचीच, असा जर्मन बाजूचा दावा. फ्रेंच बाजूने फ्यूस्तेल द कूलांज. त्यांचं उत्तर मोठं चतुर होतं: भाषेने, वंशाने अल्सेस जर्मन असेलही, पण मनाने ते फ्रेंच आहे, आणि राष्ट्र ठरतं ते मनावरून.

पुढे १८८२ मध्ये अर्नेस्ट रेनाँ यांनी सॉर्बोनमधल्या व्याख्यानात याच उत्तराला सिद्धांताचं रूप दिलं. राष्ट्र म्हणजे रोजचं सार्वमत. एकत्र राहायची इच्छा रोज नव्याने दाखवायची, की झालं राष्ट्र. नागरी राष्ट्रवादाची व्याख्या सांगताना आजही हेच वाक्य पुढे केलं जातं. समोर वांशिक राष्ट्रवाद: रक्त, भाषा, पूर्वज. फ्रान्स पहिल्या खान्यात, जर्मनी दुसऱ्या.

रेनाँचं उरलेलं म्हणणं मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्यांच्या मते राष्ट्राला दोन गोष्टी लागतात. एक आजची संमती, आणि दुसरी सामायिक आठवणींचा वारसा. आता वारसा म्हटलं की तो कुणाकडून तरी यावा लागतो. म्हणजे आजोबा मागच्या दाराने आत आलेच.

(दृश्य: जुन्या ओळखपत्राचा जवळून फोटो. त्यावर अक्षर 'ए'.)

ते कसे आले, हे या कार्डावर दिसतं. पोआंकारे यांच्या भाषणानंतर त्याच महिन्यात फ्रेंच प्रशासनाने अल्सेस-लॉरेनमधल्या रहिवाशांची वर्गवारी सुरू केली. चार कार्डं: ए, बी, सी आणि डी. आईवडील आणि आजीआजोबा इथले किंवा फ्रान्समधले असतील, तर ए. आईवडिलांपैकी एक परका असेल, तर बी. परके पण मित्र किंवा तटस्थ देशांतले, त्यांना सी. जर्मन, ऑस्ट्रियन आणि त्यांची मुलं, ही सगळी डी.

समजा, स्ट्रासबर्गच्या एकाच जिन्यावर राहणारे दोन तरुण. दोघांचाही जन्म १८९० चा, याच गावातला. एकाचे वडील जर्मनीतल्या प्रशियातून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेले, आई अल्सेसची. त्याला बी. दुसऱ्याची आईही प्रशियाचीच. त्याला डी. तुला कुठल्या देशात राहायचंय, हा रेनाँचा प्रश्न दोघांनाही कुणी विचारला नाही. आईवडिलांचं गाव कोणतं, एवढंच विचारलं.

कार्ड नुसतं ओळखीपुरतंही नव्हतं. जर्मन मार्क देऊन फ्रँक घ्यायचे, तर ए कार्डवाल्याला एका मार्कला सव्वा फ्रँक मिळायचा. डी कार्डवाल्याला त्याहून बराच कमी. तीच नोट, तीच खिडकी.

याशिवाय निष्ठा तपासणाऱ्या समित्या होत्या. हा जर्मनधार्जिणा आहे, अशी शेजाऱ्याने चुगली केली तरी माणूस अडचणीत यायचा. कित्येकांना मोजकं सामान आणि ठरावीक रक्कम एवढंच घेऊन ऱ्हाइनवरच्या पुलाने पलीकडे जर्मनीतल्या केल गावात जावं लागलं.

(दृश्य: केलचा पूल, हातात बोचकी घेऊन चालणारी माणसं.)

हा फ्रान्सचा ढोंगीपणा, असं म्हणून मोकळं होता येईल. मला ते अपुरं वाटतं. संमतीच्या सिद्धांतात एक खरी अडचण आहे: संमती कुणाची मोजायची? १८७१ नंतर आलेल्या जर्मनांची मोजली, तर जिंकून माणसं वसवणाऱ्याला बक्षीस दिल्यासारखं होतं. न मोजावी, तर तिथेच जन्मलेली त्यांची मुलं बाहेर पडतात. मतदारयादी कुठल्या तारखेची धरायची, हे सार्वमत स्वतः ठरवू शकत नाही. ते आधी कुणीतरी ठरवावं लागतं, आणि तिथे वंशावळ हाताशी असतेच.

उलट बाजूही तितकी सरळ नव्हती. रक्ताचं नातं सांगून अल्सेस घेणाऱ्या जर्मनीने त्या प्रदेशाला बरोबरीचं राज्य कधी मानलं नाही. ही भूमी साम्राज्याच्या मालकीची म्हणून बर्लिनच्या देखरेखीखाली राहिली. लोकांनी थेट निवडलेलं सभागृह मिळायला १९११ उजाडलं, म्हणजे चाळीस वर्षं गेली.

(दृश्य: ए आणि डी कार्डं शेजारी शेजारी.)

ए कार्डावर तिरंगी पट्टे होते. डी कोरं.