घरचा ओटा पुरेनासा होतो तेव्हा

सकाळचे सहा वाजलेत, डोंबिवलीतला टू बीएचके आणि तीन बर्नरची शेगडी. इथे जेवणाचे डबे पुरवणाऱ्या एका ताईंचे रोजचे डबे पंचवीसपासून सुरू झाले, आता शंभरावर गेलेत. एका डब्यात तीन पोळ्या म्हणजे रोजच्या तीनशे. एक पोळी तव्यावर साधारण मिनिटभर असते, म्हणजे दोन तवे न थांबता चालले तरी अडीच तास नुसत्या पोळ्यांचे. तोवर भाजी, आमटी, भात सगळ्यांना मिळून उरतो एकच बर्नर. मदतीला अजून दोन बायका घेतल्या तरी काही फरक पडत नाही, कारण हात कमी नाहीयेत, आग कमी आहे. घर पुरेनासं झालं ते इथे कळतं.

मग ताई गाळा बघायला निघाल्या. तासांवर मिळणारी शेअर किचनं पण बघितली, पण दुपारच्या डब्यावाल्यांना सगळ्यांनाच सकाळचे सात ते अकरा हवे असतात आणि नेमका तोच स्लॉट मिळत नाही. म्हणून स्वतंत्र गाळा, महिना पंधरा हजार.

गाळा बघताना त्यांनी टाइल्स आणि रंग बघितलेच नाहीत, सरळ दोन बादल्या पाणी मोरीत ओतलं आणि उभ्या राहिल्या. पाणी गुडगुडत परत वर आलं तर तो गाळा सोडायचा, कारण तिथे रोज तेलकट भांड्यांचं पाणी जाणार आहे आणि तुंबलं तर काम अकरा वाजता बंद पडतं. मग एक्झॉस्ट. धूर गच्चीपर्यंत पाइपने जातो की वरच्या घराच्या खिडकीत, हे आधी बघायचं, नाहीतर महिन्याभरात सोसायटीची तक्रार ठरलेली. घरचा १४.२ किलोचा लाल सिलेंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा निळा कमर्शियल घ्यावा लागतो, तेव्हा तो ठेवायला मोकळी हवेशीर जागा आहे का हे पण बघायचं.

आणि कागद. फूड सेफ्टीचं रजिस्ट्रेशन माणसाबरोबर हिंडत नाही, ते जागेचं असतं. घरच्या पत्त्यावरचा चौदा आकडी नंबर गाळ्यात चालत नाही, नव्या पत्त्यासाठी सरकारच्या फॉस्कॉस पोर्टलवर नवा अर्ज करावा लागतो. म्हणून डब्याचे स्टिकर छापायचे ते नवा नंबर हातात आल्यावरच.

आता गाळ्यातला पहिला आठवडा. पोळ्यांचा प्रश्न मोठ्या लोखंडी प्लेटने सुटला, एका वेळी सहा-आठ पोळ्या भाजून होतात. पण भाजी बिघडली. घरी पंचवीस डब्यांचा एक असे चार घाणे व्हायचे, इथे शंभराची भाजी एकाच पातेल्यात म्हणून पाणी पण चौपट घातलं आणि बटाट्याचा रस्सा पचपचीत झाला. कारण पातेलं मोठं झालं की आतला माल खूप वाढतो पण वरचं तोंड त्या मानाने वाढत नाही, वाफ कमी जाते, पाणी आटत नाही. आता त्या पाणी तिप्पटच घालतात आणि लागलं तर शेवटी वाढवतात. तिखटाचं पण तसंच, आधी कमी आणि मग चाखून.

फ्लॉवरची तर अजून मजा, गॅस बंद केल्यावरही मोठ्या पातेल्यात तो आतल्या आत शिजतच राहतो आणि डबा भरेपर्यंत लगदा होतो. म्हणून थोडा कच्चा असतानाच उतरवायचा आणि लगेच पसरट परातींमध्ये दोन बोटं जाडीचा थर करून पसरायचा.

पसरायचं अजून एक कारण आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यात महत्त्वाचं. पाच ते साठ अंशांच्या मधे अन्न लवकर खराब होतं आणि मोठं पातेलं त्या टप्प्यात तासन्‌तास राहतं. ‘ताई, भाजी आंबूस लागतेय’ असा मेसेज दुपारी दीडला येतो तो यामुळेच. बटाट्याला तार सुटली किंवा आमटीवर बारीक फेस दिसला की समजायचं, आणि तो घाणा टाकून द्यायचा.

राहिला हिशोब. भाडं पंधरा हजार, लाइट-पाणी तीन, साफसफाईच्या मावशी तीन, झाले एकवीस. पंचवीस दिवस रोज शंभर डबे धरले तर डब्यामागे आठ रुपये चाळीस पैसे, ठीक वाटतं. पण मे महिन्यात गिऱ्हाइकं गावी जातात, डबे साठावर येतात आणि तोच खर्च डब्यामागे चौदा रुपये होतो. ताईंनी डब्याचा रेट मेच्या आकड्यावर ठरवला आणि अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटमधला लॉक-इन, म्हणजे गाळा सोडता येत नाही तो काळ, मालकाशी बोलून तीन महिन्यांवर आणला. शेंगदाण्याची चटणी मात्र त्या अजून घरीच कुटतात, त्यामुळे घरच्या पत्त्याचं रजिस्ट्रेशनही चालू ठेवलंय.