एशियाटिकमधले दोन एल्फिन्स्टन: पुतळा नेमका कुणाचा?

नमस्कार मंडळी. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आपल्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, संगमरवरी साहेबांची गर्दी आहे. त्यांत एल्फिन्स्टन दोन आहेत. दोघेही मुंबईचे गव्हर्नर होते आणि नात्याने काका-पुतणे. एल्फिन्स्टन कॉलेज काकाच्या नावाचं. एल्फिन्स्टन रोड स्टेशन, जे २०१८ पासून प्रभादेवी झालं, ते पुतण्याच्या नावाचं. लोक दोघांना सर्रास एकच समजतात.

आता समजा, तुमच्यासमोर नुसता पुतळा आहे आणि चौथऱ्यावर ‘एल्फिन्स्टन, गव्हर्नर’ एवढंच वाचता येतंय. कसं ओळखाल?

आधी नावाच्या मागे काय आहे ते बघा. काका माउंटस्टुअर्ट हा लॉर्डच्या घरातला धाकटा मुलगा. लॉर्डपद थोरल्याकडे गेलं, त्यामुळे हा आयुष्यभर ‘ऑनरेबल’च राहिला. पुतण्या जॉन हा तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. म्हणून ‘लॉर्ड’ किंवा ‘बॅरन’ दिसलं की काका बाद. ‘ऑनरेबल’वर मात्र लगेच उडी मारू नका, कारण गव्हर्नरलाही ते लावायचे आणि लॉर्डच्या ‘राइट ऑनरेबल’मधला पहिला शब्द झिजला, तर उरतं तेवढंच.

मग सालाकडे वळा. इथे बहुतेक जण घसरतात, कारण आपण कोरलेलं साल दिसलं की ते मृत्यूचं धरतो. पण ते कारकिर्दीचं असू शकतं, निरोपाचं असू शकतं, पुतळा बसवल्याचंही असू शकतं. त्यासाठी सालाआधीचं क्रियापद वाचायचं: वारले, पद सोडलं, की उभारला? आपल्या उदाहरणात काकाची कारकीर्द १८१९ ते १८२७, पुतण्याची १८५३ ते १८६०. यातलं एखादं साल मिळालं तर प्रश्न सुटला.

पण मृत्यूचं साल मिळालं तर? गंमत बघा. काका गेला २० नोव्हेंबर १८५९ ला आणि पुतण्या १९ जुलै १८६० ला. मध्ये जेमतेम आठ महिने! साल अर्धवट झिजलं असेल, ‘१८’च्या पुढे काही लागत नसेल, तर मृत्यूची तारीख काहीच कामाची नाही. अशा वेळी वय शोधा. काकाचा जन्म १७७९ चा, म्हणजे तो ऐंशीचा होऊन गेला. पुतण्याचा १८०७ चा, तो त्रेपन्नाचा. त्यातही एक खोच आहे. जुन्या लेखांत ‘वयाच्या ५४व्या वर्षात’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा पूर्ण झालेली वर्षं ५३ असतात. वजाबाकी करताना हे विसरलात तर जन्मसाल एकाने चुकतं, आणि मग बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत भलतंच पान उघडून बसता.

आता समजा, लेख साफच गेलाय. तरी एक जागा उरते, आणि तिकडे सहसा कुणी बघत नाही. पुतळ्याच्या मागे जा. चौथऱ्यावर नाही, मूर्तीच्याच दगडी बैठकीच्या कडेला, पायांच्या मागच्या बाजूला शिल्पकाराने अनेकदा बारीक अक्षरांत नाव घातलेलं असतं. टॉर्च समोरून नको, बाजूने तिरपा धरा. सावली पडली की झिजलेली अक्षरं वर येतात. दगडावर खडू किंवा पीठ चोळू नका, मी हात जोडून सांगतो.

काकाचा पुतळा फ्रान्सिस चँट्रीचा आणि पुतण्याचा जॉन फोलीचा. चँट्री १८४१ साली वारला. पुतण्या मुंबईचा गव्हर्नर झाला त्याच्या बारा वर्षांनंतर. म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराचा पुतळा आहे आणि खाली चँट्रीचं नाव आहे, तर तो पुतण्या असूच शकत नाही. चेहरा न बघता माणूस सापडला!

आणि यातून आणखी एक गोष्ट कळते. चँट्री गेला तेव्हा काका जिवंत होता, पुढे अठरा वर्षं जगला. पुतळा आहे म्हणजे माणूस तेव्हा वारलेलाच होता, हे गृहीत धरू नका.

लेखात एखादं वाक्य शाबूत असेल तर तेही बोलतं. १८५७ च्या उठावाचा उल्लेख पुतण्याकडे नेतो. पुणे दरबार, पेशवाईचा शेवट असं काही असेल तर काका, कारण पुण्याचा रेसिडेंट तोच होता.

याच इमारतीत सर जमशेटजी जीजीभॉय बसलेत. तिथे तर आख्खं नावसुद्धा पुरत नाही, कारण त्यांच्या घराण्यात बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब मिळणारा प्रत्येक वारस कायद्याने तेच नाव घेतो. पहिले जमशेटजी १८५७ साली बॅरोनेट झाले आणि १८५९ साली वारले. म्हणून एखाद्या दवाखान्यात किंवा अग्यारीत त्या नावाच्या तसबिरीखाली १८७० नंतरची कारकीर्द लिहिलेली दिसली, तर ते मुलगा किंवा नातू समजा, आणि त्याचं मूळ नाव शोधायला लागा. दुसऱ्या बॅरोनेटचं होतं कर्सेटजी.