मिसळू नका, फरक टाका

नमस्कार. समोर बसलेले बहुतेकजण ब्लेंडर रोज उघडणारे आहेत, त्यामुळे रेंडर पास म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. विषय एवढाच आहे: फ्रेम रेंडर होऊन पडल्या आहेत, आता त्यातल्या एकाच वस्तूचा रंग बदलायचा आहे आणि पुन्हा रेंडर करायला वेळ नाही. हे कंपोझिटरमध्ये होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ते नीट कसं होतं, ते सांगायला मी आलो आहे. मास्क लावून नवा रंग मिसळण्याची जी पद्धत जिथे तिथे शिकवली जाते, ती कडांवर चुकते. मी त्या चुकीत एक अख्खी रात्र घालवली आहे.

ती रात्र आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं. एका खोलीचं अ‍ॅनिमेशन होतं. पांढरी भिंत, तिच्यापुढे लाल खुर्ची, खुर्चीच्या अलीकडे काचेचं टेबल, आणि कॅमेरा हळूहळू खुर्चीकडे सरकतो. २५० फ्रेम होत्या आणि एका फ्रेमला ११ मिनिटं लागत होती. गुणाकार केला तर जवळजवळ ४६ तास. रेंडर संपलं, चित्रं पाठवली, आणि आदल्या संध्याकाळी निरोप आला की सगळं छान आहे, फक्त खुर्ची निळी हवी. सकाळी नऊला द्यायचं होतं.

मी निश्चिंत होतो. त्याच्या आधीच्या एका कामात मी नुसत्या पीएनजी काढून ठेवल्या होत्या आणि तेव्हा सगळं पुन्हा रेंडर करावं लागलं होतं, म्हणून या वेळी मल्टीलेयर ईएक्सआर काढले होते. डिफ्यूज, ग्लॉसी, सगळे पास त्यात होते. खुर्चीच्या ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये `Relations` खाली `Pass Index` १ दिला होता आणि `Object Index` हा पासही चालू होता. `ID Mask` नोड लावला, मास्क आला, मिक्स नोडमध्ये निळा रंग घातला. खुर्ची निळी झाली. दहा मिनिटांचं काम.

मग मी चित्र मोठं करून पाहिलं. खुर्चीच्या कडेला जिन्यासारख्या पायऱ्या पायऱ्या दिसत होत्या. इथे थोडं थांबतो, कारण या पायऱ्यांचं कारण फार सुरेख आहे. इंडेक्स पास प्रत्येक पिक्सेलला एकच आकडा लिहितो. कडेच्या पिक्सेलमध्ये अर्धी खुर्ची असते आणि अर्धी भिंत. रंगांची सरासरी काढता येते, पण ओळख-क्रमांकांची सरासरी निरर्थक असते. वस्तू ३ आणि वस्तू ७ यांची सरासरी ५, आणि ५ ही तिसरीच कुठली तरी वस्तू! म्हणून तिथे सरासरी काढलीच जात नाही, कडेचा पिक्सेल पूर्ण याचा नाहीतर पूर्ण त्याचा होतो. `ID Mask` मध्ये `Anti-Aliasing` ची खूण करता येते, पण ती तयार पायऱ्या पाहून कड कशी असेल याचा अंदाज बांधते. स्थिर, स्वच्छ कडेला तो अंदाज चालतो. माझ्या शॉटमध्ये खुर्चीची पाठ फोकसबाहेर होती. पुसट कडेवर अंदाज कसला बांधणार?

यावरचा उपाय क्रिप्टोमॅट. योना फ्रीडमन आणि अँडी जोन्स यांनी सायओप या स्टुडिओत तो तयार केला, २०१५ च्या सिग्राफमध्ये मांडला आणि २.८० पासून तो ब्लेंडरमध्ये आहे. क्रिप्टोमॅट पिक्सेलमागे एकच आकडा ठेवत नाही, जोड्या ठेवतो: कोणती वस्तू, आणि पिक्सेलचा किती हिस्सा तिचा. `Levels` ६ ठेवलं तर एका पिक्सेलमध्ये सहा वस्तू मावतात. पुसट कडेवर खुर्ची ०.३५ आणि भिंत ०.६५ असं चक्क लिहिलेलं मिळतं. वस्तूचं नाव त्यात आकडा करून साठवलेलं असतं आणि तो आकडा जसाच्या तसा परत मिळाला तरच जुळतो. म्हणून फाइलला `Float (Full)` द्या आणि कॉम्प्रेशन `ZIP` सारखं, काहीही न गमावणारं ठेवा. माझ्या फाइलींमध्ये सुदैवाने क्रिप्टोमॅटही होता. मी इंडेक्स टाकून दिला, क्रिप्टोमॅट नोडमध्ये खुर्चीवर टिचकी मारली. मास्क लोण्यासारखा मऊ आला.

आणि तरीही खुर्चीभोवती काळपट जांभळी रेघ! बारीकच, एक पिक्सेलची, पण पांढऱ्या भिंतीवर ती नजरेत भरायची, आणि कॅमेरा हलला की लुकलुकायची. रात्री बारापासून पहाटे चारपर्यंत मी मास्कच्या मागे लागलो होतो. `Dilate/Erode` ने एक पिक्सेल फुगवला, तर निळा भिंतीवर सांडला. आत ओढला, तर लाल कड उघडी पडली. ब्लर केला, तर दोन्ही झालं. मास्कच वाईट आहे अशी माझी खात्री झाली होती. मास्कचा काहीही दोष नव्हता. चूक माझ्या गणितात होती.

ते गणित एकदा हाताने करून पाहू. फक्त हिरवा चॅनेल घेऊ आणि प्रकाश १ धरू. भिंत ०.८०, जुनी लाल खुर्ची ०.०३, नवी निळी ०.१०. कडेचा पिक्सेल अर्धा-अर्धा, म्हणजे रेंडरमध्ये त्याची किंमत ०.४१५. खुर्ची मुळातच निळी असती तर तिथे ०.८० आणि ०.१० यांची सरासरी, म्हणजे ०.४५ आलं असतं. आता मिक्स नोड काय करतो? मास्क ०.५ आहे, म्हणून तो आहे त्या पिक्सेलचा अर्धा आणि निळ्याचा अर्धा घेतो. उत्तर येतं ०.२५७५. हवं होतं ०.४५, मिळालं ०.२६ च्या आसपास. हीच ती काळी रेघ. पिक्सेलमध्ये खुर्ची आणि भिंत आधीच मिसळलेली होती. मी ते मिश्रण अर्धं फेकून दिलं, आणि त्यात चांगली भिंतही अर्धी गेली. उरलेल्या अर्ध्यात लाल तसाच राहिला.

भिंतीला हात लावायचाच नाही. पिक्सेलमध्ये खुर्चीचा जेवढा हिस्सा आहे तेवढाच जुना रंग काढायचा आणि तेवढाच नवा घालायचा. ०.४१५ मध्ये ०.५ गुणिले ०.०७ मिळवा. ०.४५. बरोब्बर.

आयोजकांकडून चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली आहेत, आणि नोडची प्रत्यक्ष जोडणी अजून व्हायची आहे. भरभर सांगतो. सूत्र हे:

```
नवे चित्र = Combined + मास्क × (नवा रंग − जुना रंग) × (DiffDir + DiffInd)
```

सगळे पास पुन्हा जोडत बसायची गरज नाही, हे यातलं सुख आहे. `Combined` जसं आहे तसं राहतं आणि त्यात फक्त दोन रंगांमधला फरक मिळवला जातो. खुर्चीवरची पांढरी चमक ग्लॉसी पासमध्ये असते, तिला आपण शिवतच नाही, म्हणून ती पांढरीच राहते. थेट `Combined` चा ह्यू फिरवला असता तर खुर्चीचा लाल त्या चमकेत जिथे मिसळला आहे तिथपासून ती रंगत गेली असती.

जोडणी अशी. दोन आरजीबी नोड घ्या, एकात नवा रंग आणि एकात जुना. जुना रंग मटेरियलच्या `Base Color` मधून घ्या, पण `DiffCol` पास इमेज एडिटरमध्ये उघडून उजवं बटण दाबून तिथला आकडाही पाहा. वरचा चमकदार थर आपला वाटा घेतो, त्यामुळे पासमधला आकडा किंचित कमी असू शकतो. तसं असेल तर पासमधलाच वापरा. दोन्ही रंग `Subtract` मधून काढा, आलेल्या फरकाला `DiffDir` आणि `DiffInd` च्या बेरजेने गुणा, मग मास्कने गुणा, आणि शेवटी `Combined` मध्ये `Add` करा. यात कुठेही `Clamp` ची खूण नको. लाल चॅनेलचा फरक उणे येतो, क्लॅम्प त्याला शून्य करतो, मग लाल निघत नाही आणि निळा मात्र भरतो. खुर्ची जांभळी दिसली की आधी क्लॅम्प तपासा. अगदी शेवटी, बेरजेनंतर, शून्याखालचं काही उरलं असेल तर ते तिथे कापा.

दुसरी गोष्ट, डीनॉइज. रेंडरच्या वेळी होणारं डीनॉइज `Combined` ला लागतं, `DiffDir` आणि `DiffInd` कच्चे राहतात. स्वच्छ चित्रातून दाणेदार लाल वजा केला तर खुर्चीवर लाल-निळे ठिपके उठतात. म्हणून त्या दोघांच्या बेरजेवर `Denoise` नोड लावा आणि मगच गुणा.

कडेवर खुर्चीचा आणि भिंतीचा प्रकाश फार वेगळा असेल, समजा खुर्ची सावलीत आणि भिंत उन्हात, तर थोडी चूक उरते. कारण कडेच्या पिक्सेलमधला `DiffDir` हा दोघांच्या एकत्र प्रकाशाला दोघांच्या एकत्र रंगाने भागून आलेला असतो. माझ्या २५० फ्रेममध्ये ती डोळ्यांना दिसली नाही.

आता जे या पद्धतीने होत नाही ते. लाल खुर्ची पांढऱ्या भिंतीवर लालसर छटा टाकते. ती छटा भिंतीच्या `DiffInd` मध्ये आहे, भिंत मास्कच्या बाहेर आहे, म्हणून निळ्या खुर्चीमागे भिंत गुलाबीच राहते. मी तेवढ्या भागाला हाताने मऊ मास्क काढून लालपणा उतरवला. आणि काचेचं टेबल. क्रिप्टोमॅट असो वा इंडेक्स, दोघेही कॅमेऱ्याला आधी लागलेली वस्तू लिहितात, आणि वक्रीभवन करणाऱ्या काचेला ते टेबलच मानतात. काचेतून दिसणारा खुर्चीचा पाय मास्कमध्ये नव्हता. निळ्या खुर्चीला एक लाल पाय! शिवाय तो रंग ट्रान्समिशन पासमध्ये बसलेला, त्यामुळे डिफ्यूजचं सूत्र तिथे लागूच पडत नाही. काच नसती आणि नुसतं अल्फाचं पारदर्शक मटेरियल असतं, तर क्रिप्टोमॅटने पलीकडचं पाहिलं असतं.

तो पाय मात्र मी पुन्हा रेंडर केला. मटेरियल निळं केलं, कॅमेऱ्यातून पाहत `Ctrl+B` ने फक्त टेबलाभोवती चौकट आखली, म्हणजे तेवढाच तुकडा रेंडर होतो. टेबल पहिल्या ४० फ्रेममध्येच दिसत होतं, पुढे कॅमेरा त्याला ओलांडून जातो. तुकडा छोटा असल्यामुळे फ्रेमला दीड मिनिट लागलं, चाळीस फ्रेमना एक तास. पहाटे साडेपाचला लावलं, तोवर उरलेल्या २१० फ्रेम कंपोझिटरमधून निघत होत्या. साडेआठला शेवटची फाइल गेली.

प्रश्न असतील तर बाहेर भेटा, लॅपटॉपवर ती नोडची जोडणी उघडीच ठेवली आहे.