तळ तेच, रेषा दोन

मागे बसलेल्या काकांनी मघाशी विचारलं, शेअरच्या चार्टवरचं लॉग स्केल म्हणजे नेमकं काय? आता बघा, इंदूरच्या छप्पन दुकानवर दहाचे पोहे वीसला झाले तर आपण बोंब मारतो, पण दोन हजारांची साडी दहा रुपयांनी महागली तर लक्षही जात नाही. लॉग स्केलचा स्वभाव असाच. दहाचे वीस झाले काय आणि हजारचे दोन हजार झाले काय, उभ्या अक्षावर अंतर सारखंच, कारण दोन्हीकडे भाव दुप्पट झालाय. नेहमीच्या लिनिअर स्केलवर मात्र नुसते रुपये मोजले जातात.

आता फळ्यावर या. हा शेअर माझ्या मनातला आहे, हिशेब सोपा पडावा म्हणून. 2005 मध्ये तळ 10 रुपयांवर, 2015 मधला मोठा तळ 100 वर. दोन्ही तळ जोडून ट्रेंडलाइन पुढे 2025 पर्यंत नेली. लिनिअरवर ती वर्षाला 9 रुपये चढते आणि 190 वर पोचते. लॉगवर तीच रेषा दहा वर्षांत दहापट होते, म्हणजे वर्षाला सुमारे 26 टक्के, आणि पोचते थेट 1000 वर. समजा 2025 मध्ये भाव 700 आहे. लिनिअरवाला म्हणेल, सपोर्ट, म्हणजे भावाला खालून आधार देणारी रेषा, फार खाली आहे, घाबरायचं कारण नाही. लॉगवाला म्हणेल, अहो, ट्रेंड तुटलाय, भाव रेषेच्या 30 टक्के खाली!

खरं कोणाचं? ते ठरवायला मधलं एखादं वर्ष तपासायचं. 2010 मध्ये लिनिअर रेषा 55 वर असते, लॉगवरची 32 च्या आसपास. त्या वर्षी भाव 33 पर्यंत उतरून वळला असेल, तर लॉगची रेषा त्याला आधार देताना दिसते. लिनिअरची रेषा मात्र भावाच्या डोक्यावरून गेलेली असते. तिला सपोर्ट म्हणणार कसं? चार्टवर स्केल बदललं तरी रेषा सरळच दिसत राहते, फक्त ती वेगळ्याच भावांवरून जाते. म्हणून ही चूक नजरेला चटकन सापडत नाही.

सेन्सेक्सच घ्या. 2008 मध्ये तो 21 हजारांवरून 8 हजारांखाली गेला, 2020 मध्ये 42 हजारांवरून 26 हजारांखाली. लिनिअरवर दुसरी घसरण मोठी दिसते, टक्क्यांत मात्र पहिली कितीतरी भयंकर होती.

पण म्हणून लॉगची भक्ती करू नका. ती रेषा 26 टक्क्यांचा वेग कायम धरून चालते. 2035 मध्ये ती 10,000 मागेल. कंपनी मोठी झाली की वेग मंदावतो आणि लॉग चार्ट हळूहळू आडवा होत जातो. आपला तो ‘तुटलेला’ शेअर 100 चा 700 झालाय, म्हणजे दहा वर्षं वर्षाला 21 टक्क्यांहून थोडं जास्तच. हा वेग तुम्हाला पुरतो का, हे चार्ट सांगणार नाही.