ड्रॉइंगवरचं माप पाईपचं नसतं

पोरांनो, तुमच्यापैकी निम्मे पुढच्या महिन्यात फॅब्रिकेशन शॉपला अप्रेंटिस म्हणून जाणार, तिथे पहिल्या आठवड्यात कोणीतरी तुमच्या हातात आयसोमेट्रिक ड्रॉइंग देणार आणि सांगणार की हा सहा इंची तुकडा काप. ड्रॉइंगवर दोन एल्बोंच्या मधे २००० लिहिलेलं असेल. आता २००० चा पाईप कापला तर पाईप वाया गेला. कारण ते २००० कशापासून कशापर्यंत आहे? एका एल्बोच्या सेंटरपासून दुसऱ्या एल्बोच्या सेंटरपर्यंत, आणि एल्बोचं सेंटर म्हणजे काय तर दोन्ही बाजूंच्या पाईपांच्या मधल्या रेषा सरळ पुढे वाढवल्या की जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू. तिथे हात लावून बघा, तिथे लोखंड नसतं, एल्बो वळून आतल्या बाजूने गेलेला असतो. म्हणजे ड्रॉइंगवाल्याने हवेतल्या दोन बिंदूंमधलं माप दिलंय आणि आपल्याला त्यातून खरा पाईप किती ते काढायचंय.

त्या हवेतल्या बिंदूपासून एल्बोच्या तोंडापर्यंतचं जे अंतर, त्याला टेक-ऑफ म्हणायचं. लाँग रेडियस ९० डिग्री एल्बोचा टेक-ऑफ साइझच्या दीडपट असतो, म्हणजे सहा इंचीला नऊ इंच, २२९ मिमी. चार इंचीला १५२. इथे नवीन पोरं एक चूक हमखास करतात, पाईपला टेप गुंडाळून बाहेरचा व्यास काढतात आणि त्याची दीडपट करतात. सहा इंची पाईप बाहेरून १६८.३ मिमी भरतो, त्याची दीडपट २५२ येते, आणि मग प्रत्येक एल्बोमागे २३ मिमी जास्त वजा होतात. दीडपट करायची ती नावाच्या साइझची, सहा गुणिले २५.४ आणि मग दीड, मोजलेल्या व्यासाची नाही. अगदी लहान साइझला हाही नियम चालत नाही, अर्धा इंची एल्बोचा टेक-ऑफ १९ नाही, ३८ असतो, म्हणून खिशात चार्ट ठेवा.

आता आपला तुकडा करू. २००० मधून दोन एल्बोंचे २२९ आणि २२९, म्हणजे ४५८ गेले, राहिले १५४२. पण अजून थांबा. बट वेल्डला पाईप एल्बोला टेकवून वेल्ड करत नाहीत, रूट आतपर्यंत जायला फट ठेवतात, साधारण एक सूत, ३ मिमी. दोन जॉइंट म्हणजे ६ मिमी. ती फट पण त्या २००० मधेच बसायची आहे ना, म्हणून तीही वजा. १५४२ मधून ६ गेले, १५३६. हा तुमचा कापायचा पाईप. फट किती ठेवायची ते मात्र वेल्डिंग प्रोसिजरमध्ये बघा, मी ३ म्हणालो म्हणून सगळीकडे ३ धरू नका, आणि जी धरली तीच फिटअपला ठेवा. कागदावर ३ आणि टाके मारताना फिलर वायर हाताला लागली ती २.४ ची, तर हिशोब तिथेच हलला.

आणि हे १५३६ कुठून कुठपर्यंत? बेव्हल केलेल्या पाईपच्या टोकाला जी बारीक सपाट कड राहते, रूट फेस, त्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. कापल्यावर बरोबर भरलेला पाईप बेव्हल मारताना ग्राइंडरने मिलीमीटर-दोन मिलीमीटर खाल्ला जातो, विशेषतः पोरगा घाईत असेल तर, त्यामुळे बेव्हल झाल्यावर परत मोजायचं, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं चार ठिकाणी. चारही सारखे नसतील तर काप तिरका गेलाय, आणि तिरक्या कापाला एका बाजूला फट ३ आणि समोर ५ अशी पडते, मग वेल्ड जास्त फट असलेल्या बाजूला पाईप ओढतो आणि एल्बो वाकडा जातो. एकाच सहा मीटरच्या पाईपमधून तीन-चार तुकडे काढायचे असतील तर सगळे मार्क एकदम मारू नका, कटिंग व्हील प्रत्येक कापाला दोन-तीन मिमी खातं. एक कापा, मग नव्या तोंडापासून पुढचा मोजा.

माझा स्वतःचा एक प्रसंग सांगतो, नोकरीचं दुसरं वर्ष होतं. सेंटर टू सेंटर १४००, सहा इंची, दोन्ही बाजूंना ९० चे एल्बो. मी १४०० मधून ४५८ आणि ६ वजा करून ९३६ चा पाईप कापला, गणित शंभर टक्के बरोबर होतं. फिटअप केलं, टाके मारले, आणि आमचे फोरमन येऊन म्हणाले आता दोन्ही उघडी तोंडं मोज. मोजलं तर १३२३. ७७ मिमी कमी. मी चार वेळा वजाबाकी केली, चूक सापडेना. चूक वजाबाकीत नव्हतीच. स्टोअरमधून आलेल्या दोन एल्बोंपैकी एक शॉर्ट रेडियसचा होता, त्याचा टेक-ऑफ साइझएवढाच असतो, सहा इंचीला १५२. २२९ मधून १५२ वजा करा, बरोबर ७७. दोन्ही एल्बो लांबून सारखेच दिसतात, गंज-धूळ असली तर त्यावरचा शिक्का पण दिसत नाही. टाके होते म्हणून निभावलं, टाके तोडले, लाँग रेडियसचा एल्बो मागवला. पूर्ण वेल्ड झाला असता तर स्पूल, म्हणजे पाईप-एल्बो जोडून झालेला अख्खा तुकडा, कापायला लागला असता, आणि नुसती साइझ बघून साइटवर गेला असता तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

त्या दिवसापासून मी चार्टवरचा आकडा वापरण्याआधी हातातला एल्बो मोजतो, अर्धा मिनिट लागतो. एल्बो एका तोंडावर सपाट प्लेटवर उभा करायचा. दुसरं तोंड आता आडवं बघत असतं. प्लेटपासून त्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत गुण्या लावून उंची घ्या, मग वरच्या कडेपर्यंत घ्या, दोन्हींची बेरीज करून निम्मे करा. सहा इंची लाँग रेडियसला खाली साधारण १४५ आणि वर ३१३ येतात, निम्मे २२९. शॉर्ट रेडियसला ६८ आणि २३६, निम्मे १५२. एल्बोला स्टँडर्डमध्येच २ मिमी इकडे-तिकडे चालतं, त्यामुळे २२९ च्या जागी २२७ आले तर एल्बो खराब नाही, पण पाईप कापताना २२७ धरा.

आणि फोरमननी तोंडं कशी मोजायला लावली तेही लक्षात ठेवा, कारण सेंटरला तर टेप लागत नाही. दोन्ही एल्बोंची उघडी तोंडं एकाच दिशेला असतील तर एका तोंडाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या तोंडाच्या डाव्या कडेपर्यंत टेप लावा, तेच सेंटर टू सेंटर. उजवीकडूनही घ्या, दोन्ही ड्रॉइंगवरच्या मापाएवढे आले पाहिजेत. नसतील तर माप चुकलंय, नाहीतर तोंडं फाकली आहेत किंवा आत आली आहेत, ते टाक्यांवर असतानाच सरळ करता येतं, नंतर नाही.

आता ४५ चे एल्बो, इथे गणित खरंच चुकतं. समजा लाईन ३०० वर चढायची आहे आणि त्याच वेळी ४०० बाजूला सरकायची आहे. दोन्हींचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ, ५०० हा खरा ऑफसेट. ४५ ने जाताना तिरकी लांबी ऑफसेटच्या १.४१४ पट, म्हणजे ७०७. हे ७०७ म्हणजे दोन ४५ च्या एल्बोंचं सेंटर टू सेंटर. सहा इंची ४५ चा टेक-ऑफ ९५, दोनांचे १९० वजा, ५१७, फटींचे ६ वजा, ५११. झालं. पण काही जण काय करतात, ५०० मधून आधीच १९० काढतात आणि उरलेल्या ३१० ला १.४१४ ने गुणतात, येतात ४३८. हे ५१७ पेक्षा ७९ मिमी कमी. टेक-ऑफ हा पाईपच्या दिशेने मोजायचा असतो, म्हणून आधी तिरकी लांबी काढायची आणि मगच त्यातून वजा करायचं, हा क्रम उलटा केला की संपलं.

४५ ऐवजी एल्बो कापून ६० चा करायला सांगितला तर ९० च्या चार्टवरचा टेक-ऑफ चालत नाही. रेडियस गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन, एवढं एकच सूत्र पाठ करा. २२९ ला ३० डिग्रीच्या टॅनने, ०.५७७ ने गुणलं की १३२. यातच २२.५ डिग्रीचा टॅन टाकून बघा, ९५ येतात की नाही ते. कापायच्या पाईपचं उत्तर निगेटिव्ह किंवा अगदी दहा-वीस मिमी आलं तर गणित पुन्हा तपासा, आणि बरोबर असेल तर ड्रॉइंगवाल्याला फोन करा, दोन सहा इंची लाँग रेडियस ९० च्या एल्बोंमध्ये सेंटर टू सेंटर ४६१ पेक्षा कमी होऊच शकत नाही, ४५८ टेक-ऑफ आणि एक फट, मधे पाईपच नाही.

थ्रेडेड लाईनला मात्र वेगळा विचार, तिथे पाईप फिटिंगच्या आत शिरतो. एक इंची जीआय एल्बो सेंटरपासून तोंडापर्यंत ३८ असतो, त्यात पाईप १७ मिमी आत जातो, म्हणून प्रत्येक बाजूला वजा फक्त २१. सेंटर टू सेंटर ५०० ला पाईप ४५८, वेल्डची सवय लागलेला माणूस ७६ वजा करून ४२४ कापतो आणि पाईप ३४ मिमी तोकडा पडतो.

शेवटचं, वेल्ड थंड झाल्यावर आकसतो. किती, ते पाईपच्या जाडीवर, फटीवर आणि वेल्डरच्या हातावर आहे, म्हणून माझा आकडा घेऊ नका, तुमचा काढा. टाके मारल्यावर जॉइंटच्या दोन्ही बाजूंना पंच मारा, मधलं अंतर १०० ठेवा, वेल्ड पूर्ण झाल्यावर परत मोजा. समजा दर जॉइंटला दीड मिमी गेलं आणि स्पूलमध्ये एकाच रेषेत सहा जॉइंट आहेत, तर ९ मिमी गेले, आणि बहुतेक ड्रॉइंगवर ३ मिमीच चालतं. तेवढे पाईपमध्ये आधीच वाढवून ठेवायचे. आणि जिथे दोन मशीनच्या मधला शेवटचा तुकडा आहे, ज्याचा जॉइंट साइटवर होणार, तिथे तर एका टोकाला १०० मिमी जादाच सोडा, बेव्हल मारू नका. साइटवर लाईन उभी राहिल्यावर प्रत्यक्ष माप घेऊन तेवढा कापतात. आता चला, प्लेटवर तीन एल्बो ठेवलेत, त्यातला एक शॉर्ट रेडियसचा आहे, कोणता ते गुण्या लावून सांगा.