नवे किती, एकूण किती: इंदूरच्या एका वस्तीतला मधुमेह

(दृश्य: रामबागेतलं एक घर. आशाताई मोजपट्टी उलगडते आहे.)

"काकू, श्वास सोडा. आणि पोट आत ओढू नका हं!"

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा असा एक फॉर्म भरला जातो. वय, तंबाखू, व्यायाम, आईवडिलांचा मधुमेह आणि कमरेचा घेर. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली, पुरुषांची ९०च्या वर गेली, की गुण चढायला लागतात. एकूण गुण चारच्या वर गेले, तर त्या माणसाची तपासणी आधी करायची. बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि साखर १४० किंवा जास्त निघाली, तर पुढच्या तपासणीसाठी दवाखान्यात. इथे लगेच मधुमेहाचा शिक्का मारायचा नसतो. निदान होतं ते उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली तर, आणि काही लक्षणं नसतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून.

आता हिशेब समजून घेऊ. आकडे आपण सोयीसाठी धरलेले आहेत.

समजा, या वस्तीत तिशीपुढची १००० माणसं आहेत. जानेवारीत सगळ्यांची नीट तपासणी केली आणि १२० जणांना मधुमेह निघाला. म्हणजे शंभरात १२. एका वेळी वस्तीत एकूण किती रुग्ण आहेत, हे सांगणारा हा आकडा म्हणजे प्रिव्हॅलन्स. कुणी वीस वर्षं गोळ्या घेतोय, कुणाला कालच कळलं. दोघेही यात आले.

पुढच्या जानेवारीत पुन्हा तपासलं, तर २२ नवे रुग्ण सापडले. हे २२ भागिले १००० करायचं का? नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना तो नव्याने होणार कसा? ते १२० वगळा. उरले ८८०. त्यांच्यातले २२, म्हणजे वर्षाला हजारी २५. हा इन्सिडन्स. शिकणाऱ्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथे, भागाकाराच्या खालच्या आकड्यात.

(दृश्य: दवाखान्यातलं रजिस्टर.)

दुसरा घोटाळा रजिस्टरमुळे होतो. त्या १२० जणांपैकी समजा ७० जणांनाच आपला आजार ठाऊक होता. तपासणीनंतर रजिस्टरमध्ये महिन्याभरात ५० नावं वाढली. बघणाऱ्याला वाटेल, मधुमेहाची लाटच आली! पण या पन्नास जणांचा आजार जुनाच होता, फक्त उजेडात आता आला. आजार लवकर हुडकून उपचार सुरू करणं हा प्रतिबंधाचा दुसरा स्तर, आणि तो नेटाने राबवला की नोंदींतले आकडे सुरुवातीला फुगतातच.

नवे रुग्ण खरोखर कमी होतात ते पहिल्या स्तरावर, आजार व्हायच्या आधी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. साखर वाढलेली, पण मधुमेहापर्यंत न पोचलेली माणसं त्यांनी निवडली. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. खाणंपिणं आणि चालणं यांबाबत सतत मागे लागून बदल घडवलेल्या गटात ३९ जणांना. मला हा फरक फार मोठा वाटतो. शंभरामागे सोळा माणसं त्या तीन वर्षांत मधुमेहापासून वाचली.

(दृश्य: रुग्णाचं पाऊल, त्यावर नायलॉनचा बारीक दोरा.)

तिसरा स्तर इथे दिसतो. मधुमेह आहेच, आता पाय, डोळे, मूत्रपिंड सांभाळायचे. हा दोरा दहा ग्रॅम दाबाला वाकतो. रुग्णाने डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की "हो" म्हणायचं. दोरा वाकला तरी "हो" आलं नाही, तर तिथली संवेदना गेली आहे. असा माणूस मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालतो, तळवा भाजतो, आणि त्याला पत्ताच लागत नाही. जखम चिघळली की पाय कापण्यापर्यंत वेळ येते. म्हणून रोज रात्री तळवे बघायचे. स्वतःला वाकता येत नसेल तर सुनेला, नातवाला दाखवायचे.

या काळजीचा हिशेबावर काय परिणाम होतो? आपल्या १२० रुग्णांपैकी वर्षात पाच जण गेले आणि २२ नवे आले, तर झाले १३७. उपचार चांगले मिळून दोघेच गेले, तर १४०. म्हणजे जिथे काळजी चांगली, तिथे रुग्णांची संख्या जास्त! प्रिव्हॅलन्स चढला म्हणून कामाला नावं ठेवण्याआधी इन्सिडन्स आणि मृत्यू, दोन्ही विचारायला हवेत.

त्यासाठी रजिस्टरमध्ये निदानाच्या तारखेशेजारी आणखी एक रकाना लागतो: याआधी साखर कधी तपासली होती आणि किती होती. गेल्या वर्षीची तपासणी चांगली असेल, तर रुग्ण नवा. आधी कधीच तपासणी झाली नसेल, तर त्याला इन्सिडन्समध्ये धरायचं नाही.