पश्चिमेच्या खिडकीचा पडदा

मंडळी, हा फोटो टिळकवाडीतल्या एका खोलीचा, दुपारी चारचा. भिंत तपकिरी दिसते ना? प्रत्यक्षात ती फिकट क्रीम आहे. काच एवढी झगमगते की कॅमेरा सगळाच फोटो काळवंडून टाकतो. असा फोटो दुकानात दाखवून रंग जुळवला की फसगत ठरलेली. भिंतीला कोरा पांढरा कागद चिकटवा, सकाळी नऊला दिवे बंद करून दुसरा फोटो काढा. ज्या फोटोत कागद कागदासारखा पांढरा दिसेल, त्यावर विश्वास ठेवा.

खडेबाजारात ट्यूबलाइटखाली मरून कापड भारदस्त दिसतं. पण चार वाजता ऊन त्यातून आरपार आलं की चादर, भिंत, माणसांचे चेहरे, सगळंच तांबूस. म्हणून अर्धा मीटर तुकडा आणा आणि काचेसमोर उजेडात धरून बघा. गडद रंग चुण्यांच्या उंचवट्यावर आधी विटतो आणि उभे पट्टे उमटतात. या खिडकीला मी वाळूचा किंवा राखाडीकडे झुकणारा हिरवा घेईन. विटला तरी डोळ्यांत भरत नाही.

कापड पॉलिस्टर किंवा पॉलिस्टर-सुती घ्या, उन्हाला ते जास्त टिकतं. जुन्या इरकलीचा पडदा करायचा मोह अनेकांना होतो, पण रेशीम उन्हानं कुजतं आणि चुणीवरच फाटतं. मागे पांढरं अस्तर हवंच, काचेच्या बाजूला. गडद कापड ऊन शोषून स्वतःच तापतं आणि ती धग खोलीत सोडतं; पांढरं अस्तर त्यातलं बरंच ऊन काचेतून परत पाठवतं.

आता माप. खिडकी पाच फूट रुंद, चौकटीचा वरचा काठ जमिनीपासून सात फुटांवर. रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे काढा, नाहीतर उतरतं ऊन कडेनं आत शिरतं. म्हणजे रॉड सहा फुटी, चौकटीच्या सहा इंच वर, जमिनीपासून नव्वद इंचांवर. चुण्यांसाठी रुंदी दुप्पट, १४४ इंच. कापडाचा पन्हा ५४ इंच, म्हणून तीन पट्टे: प्रत्येक पडद्याला दीड, आणि अर्ध्याचा जोड भिंतीकडच्या बाजूला. फरशी पुसताना काठ भिजू नये म्हणून खाली अर्धा इंच मोकळा. रिंगांच्या वरचा इंचभर आणि दुमडीचे दहा इंच धरून पट्टा साधारण १०१ इंचांचा होतो. तिन्ही मिळून आठ मीटर कापड, अस्तरही जवळपास तेवढंच. तयार सातफुटी पडदा इथे सहा इंच तोकडा पडतो, आखूड झालेल्या पायजम्यासारखा!

सुती मिश्रण असेल तर कापण्याआधी भिजवून वाळवा. खालची दुमड आधी कच्च्या धाग्यानं घाला, पडदा आठवडाभर टांगून ठेवा, वजनानं कापड किती उतरलं ते मोजा आणि मगच पक्की शिवण मारा.